भाषिक क्षेत्र: शेजारच्या भाषा एकमेकींसारख्या कशा होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषिक क्षेत्र म्हणजे नेमकं काय?

एकाच प्रदेशात वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शतकानुशतकं शेजारी नांदतात, लोक दोन-तीन भाषा रोज वापरतात, आणि हळूहळू त्या भाषांची रचना एकमेकींसारखी होऊ लागते. अशा प्रदेशाला भाषिक क्षेत्र म्हणतात. ही कल्पना 1920च्या दशकात निकोलाय ट्रुबेत्स्कॉय यांनी मांडली. बाल्कन प्रदेशातल्या भाषांकडे मात्र त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं लक्ष गेलं होतं. रुमानियन, बल्गेरियन आणि अल्बेनियन या भाषांचे शब्द वेगवेगळे असले तरी त्यांचा घाट एकच आहे, असं येर्नेय कोपितार यांनी 1829 मध्येच नोंदवलं होतं.

दक्षिण आशियाला ही कल्पना पद्धतशीरपणे लावली ती मरे एमेनो यांनी, 1956 च्या लेखात. त्यांच्या व्याख्येत एक अट आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्षेत्रातल्या भाषांमध्ये एकापेक्षा जास्त कुळं हवीत, आणि त्यांच्यात सारखं दिसणारं वैशिष्ट्य निदान एका कुळाच्या क्षेत्राबाहेरच्या भाषांत नसावं. म्हणजे शेजारणीशी साम्य असणं पुरेसं नाही, दूरच्या बहिणीपासून फरकही दिसायला हवा.

शब्द उसने घेणं आणि हे यांत फरक काय?

दखनी उर्दूत 'नक्को' आहे. तो मराठी 'नको'चाच शब्द, आवाजासकट आलेला. दखनीतच 'मैं आता बोल के बोला' अशी वाक्यंही ऐकू येतात. यातले 'बोल' आणि 'के' हे दोन्ही उर्दूचेच शब्द आहेत, बाहेरून काहीही आलेलं नाही. पण दुसऱ्याचं बोलणं सांगून झाल्यावर त्याच्या मागे 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदाचं रूप ठेवायचं, हा साचा प्रमाण उर्दूचा नाही. तो दक्षिणेतल्या शेजाऱ्यांचा आहे. पहिल्या प्रकारात माल आला, दुसऱ्यात फक्त साचा. भाषिक क्षेत्राच्या अभ्यासात मुख्य वजन दुसऱ्या प्रकाराला असतं.

साचा आलेला ओळखणं अवघड असतं, कारण कानाला काहीच परकं लागत नाही. बोलणाऱ्यालाही आपण काही उचललं आहे याचा पत्ता नसतो.

दोन शेजारी भाषांत एखादी गोष्ट सारखी दिसली, तर ती संपर्कामुळेच आली असं समजावं का?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. साम्याची चार कारणं असू शकतात: दोन्ही भाषांना ते एकाच पूर्वजाकडून मिळालं असेल, दोन्हींकडे योगायोगानं आलं असेल, माणसाच्या भाषांचा कलच तिकडे असल्यामुळे जगभर आढळत असेल, किंवा खरोखर संपर्कातून आलं असेल. पहिली तीन बाजूला सारल्याशिवाय चौथ्याचं नाव घेता येत नाही.

'मला भूक लागली' हे वाक्य घ्या. अनुभव घेणाऱ्याला 'ला' किंवा त्या अर्थाचा प्रत्यय लावायचा, ही रचना मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ अशी सगळीकडे सापडते, म्हणून दक्षिण आशियाच्या वैशिष्ट्यांच्या यादीत ती असतेच. पण अशी वाक्यं जर्मन आणि आइसलँडिकमध्येही आहेत. म्हणून एकटी ही रचना फार मोठा पुरावा ठरत नाही. जोडशब्दांचंही तसंच. मराठीत 'जेवणबिवण', हिंदीत 'चाय-वाय', कन्नडमध्ये 'पुस्तक-गिस्तक'. साचा तोच, पहिलं अक्षर मात्र प्रत्येकीचं आपलं. पुरावा भक्कम वाटतो, तेवढ्यात तुर्कीतलं 'किताप-मिताप' समोर येतं.

म्हणून फक्त 'आहे की नाही' एवढं पाहून भागत नाही. तपशिलात उतरावं लागतं. एखादं रूप चार वेगवेगळी कामं करत असेल आणि शेजारच्या भाषेतलं रूपही नेमकी तीच चार कामं करत असेल, तर योगायोगाची शक्यता झपाट्यानं कमी होते.

एखादं उदाहरण शेवटपर्यंत तपासून दाखवाल का?

मराठीतला 'म्हणून' घेऊ. 'म्हणणे' या क्रियापदाचं '-ऊन' लावलेलं हे रूप आज निदान चार कामं करतं. ते बोलणं उद्धृत करतं: 'मी येतो म्हणून त्यानं सांगितलं'. नाव सांगतं: 'राम म्हणून एक मुलगा होता'. कारण सांगतं: 'पाऊस आला म्हणून गेलो नाही'. आणि हेतू सांगतं: 'मुलानं वाचावं म्हणून पुस्तक दिलं'.

आता कन्नडमधलं 'अंत' पाहा. तेही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदावरूनच आलेलं आहे. 'नानु बर्तीनि अंत हेळिद', म्हणजे मी येतो म्हणून त्यानं सांगितलं. 'राम अंत ओब्ब हुडुग इद्द', राम म्हणून एक मुलगा होता. 'मळे बंतु अंत होगलिल्ल', पाऊस आला म्हणून गेलो नाही. 'मगु ओदलि अंत पुस्तक कोट्टे', मुलानं वाचावं म्हणून पुस्तक दिलं. चारही कामं जुळतात, शब्दाची वाक्यातली जागाही तीच. तेलुगूत 'अनि' आणि तमिळमध्ये 'एन्ऱु' याच घडणीचे आहेत.

ही झाली पहिली पायरी: शेजारणीशी जुळतं. दुसरी पायरी म्हणजे बहिणींकडे, मराठीच्याच इंडो-आर्य कुळातल्या भाषांकडे, पाहणं. प्रमाण हिंदीत आणि पंजाबीत या जागी 'कि' येतो आणि तो बोलण्याच्या आधी येतो. नेपाळीत मात्र 'भनेर', बंगालीत 'बोले', सिंहलीत 'कियला' आहे, आणि ही तिन्ही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांची रूपं आहेत. म्हणजे इंडो-आर्य भाषांमध्येच एक रेघ दिसते. दक्षिणेला आणि पूर्वेला हा साचा आहे, वायव्येकडच्या भाषांत तो मागे पडतो. मुंडा कुळातल्या संथाळीतही 'मेन्ते' आहे आणि तो 'मेन', म्हणजे म्हणणे, यावरूनच आला आहे. नकाशावर या भाषा कुळाप्रमाणे नव्हे, तर शेजाराप्रमाणे एका बाजूला पडतात. संपर्काच्या बाजूनं ही भक्कम गोष्ट आहे.

तिसरी पायरी जुन्या लेखनाची. ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 च्या सुमारास, 'म्हणौनि' ओवीओवीत भेटतो. तेव्हा हा साचा सातशे वर्षांपेक्षा जुना आहे, कालपरवाच्या शेजाराचा नाही. आणखी मागे गेलं की संस्कृतातला 'इति' लागतो. तोही बोलणं संपल्यावर येतो, नावाला आणि कारणालाही चालतो. पण 'इति' हे कुठल्या क्रियापदाचं रूप नाही, त्याचा मूळ अर्थ 'असं'. म्हणजे वाक्यातली ती जागा मराठीला वारशानं मिळाली असू शकते. ती 'म्हणणे'च्या रूपानं भरणं हा पुढचा, वेगळा बदल आहे. दोन थर आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एफ. बी. जे. कॉयपर यांनी 1967 मध्ये 'इति'च्या वापरामागेही द्रविड भाषांचा संपर्क असावा, असं मांडलं. त्यावर मतभेद आहेत.

चौथी पायरी, जगात इतरत्र काय दिसतं. इथे दावा थोडा ढिला होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेत 'बे', म्हणणे, हे क्रियापद असंच वापरलं जातं. तुर्कीतलं 'दिये'देखील 'म्हणणे'वरून आलेलं असून उद्धरण, कारण आणि हेतू या तिन्ही कामांना चालतं. म्हणजे 'म्हणणे'वरून असं रूप तयार होणं ही माणसाच्या भाषांत सहज घडणारी गोष्ट आहे.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात: न जुळणारे तपशील शोधणं. कन्नडमध्ये 'दब् अंत बिद्द' म्हणतात, म्हणजे आवाजाच्या शब्दालाही 'अंत' लागतो. मराठीत आपण 'धाडकन पडला' म्हणतो, 'धाड म्हणून पडला' असं म्हणत नाही. त्या कामासाठी मराठीनं '-कन' आणि '-दिशी' ठेवले. हा फरक नोंदवायलाच हवा, कारण तो सांगतो की साचा सगळाच्या सगळा उचललेला नाही.

निकाल असा निघतो: 'म्हणून'चा आजचा विस्तार शेजाराशिवाय समजत नाही, त्याची जागा बहुधा वारशाची आहे, आणि केवळ या एका रूपावरून 'मराठीनं कन्नडकडून घेतलं' असं लिहिणं पुराव्याच्या पुढे जाणं ठरेल. बहुतेक वैशिष्ट्यांचा प्रामाणिक निकाल असाच मिश्र असतो.

'आपण' आणि 'आम्ही' हा फरक तरी नक्की द्रविड भाषांतून आला ना?

ऐकणाऱ्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही'. संस्कृतात यासाठी एकच 'वयम्' होता, हिंदीत 'हम' एकच आहे. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु', तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्' असा फरक आहे, आणि तो मूळ द्रविड भाषेपर्यंत मागे नेता येतो. मराठीनं शब्द मात्र स्वतःचाच वापरला. 'आपण' हा 'आत्मन्'वरून प्राकृतातून आलेला. माल घरचा, साचा परका, असं अगदी नमुनेदार चित्र.

अडचण एकच. मराठीच्या दक्षिण सीमेला लागून असलेल्या आजच्या कन्नडमध्ये हा फरकच नाही, तिथे 'नावु' दोन्हींना चालतो. उलट गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' असा तो आहे, आणि गुजराती आज कुठल्याही मोठ्या द्रविड भाषेला लागून नाही. तेव्हा आजच्या नकाशावरून देणारा शोधायला गेलं तर फसगत होते. द्रविड भाषा एके काळी आणखी उत्तरेपर्यंत बोलल्या जात होत्या आणि त्यांचे बोलणारे नंतर इंडो-आर्य भाषांकडे वळले, असं धरलं तर गुजराती आणि मराठी या दोन्हींचा उलगडा होतो. हे स्पष्टीकरण आम्हाला सर्वांत पटतं. पण ते अनुमान आहे, हे लक्षात ठेवून वापरावं.

कुपवारचं उदाहरण सगळीकडे येतं. तिथं काय सापडलं होतं?

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या, सुमारे 3000 वस्तीच्या एका गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात गावाचं नाव 'कुपवार' असं येतं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुस्लिम घरांत उर्दू, भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही घरांत तेलुगू बोलली जाई. घराबाहेर बहुतेक पुरुषांना एकापेक्षा जास्त भाषा वापराव्या लागत, आणि कुणाच्याच बाजूची न वाटणारी म्हणून मराठी सगळ्यांमध्ये चाले.

त्यांच्या लेखातलं सर्वांत गाजलेलं वाक्य असं. गावची उर्दू: 'पाला जरा काट के ले के आया'. गावची मराठी: 'पाला जरा कापून घेऊन आलो'. गावची कन्नड: 'तपला जरा खोडि तगोंडि बैन'. शब्दाखाली शब्द ठेवला तर तिन्ही ओळी तंतोतंत बसतात. आधी पाला, मग जरा, मग कापणेचं रूप, घेणेचं रूप, आणि शेवटी येणेचं क्रियापद. '-के', '-ऊन' आणि '-इ' एकाच जागी एकच काम करतात. या गावात एकच वाक्यरचना आहे आणि फक्त शब्दांचे संच तीन आहेत, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

वाक्य डोळ्यांत भरतं, पण पुरावा म्हणून ते कच्चं आहे. '-के', '-ऊन' यांसारखी रूपं प्रमाण उर्दूत, प्रमाण मराठीत आणि प्रमाण कन्नडमध्ये आधीपासूनच आहेत आणि तिन्हींत क्रियापद शेवटीच येतं. म्हणजे या वाक्यातलं बरंचसं साम्य गावात घडलेलं नाही, ते सगळ्या दक्षिण आशियाचं आहे.

खरा पुरावा कमी देखण्या वाक्यांत आहे. प्रमाण मराठीत 'तिथं नदी आली', प्रमाण उर्दूत 'वहाँ नदी आई', कारण नदी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. गावच्या मराठीत मात्र 'नदी आलं' आणि गावच्या उर्दूत 'नदी आया' असं नोंदलं गेलं. का? कन्नडमध्ये लिंग अर्थावर चालतं. माणसं पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, बाकी सगळं नपुंसक. गावच्या मराठीनं तोच नियम घेतला आणि नदीला नपुंसकात टाकलं. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून तिनं पुल्लिंगावर भागवलं. एकच नियम दोन भाषांत शिरला, पण ज्या भाषेकडे जी साधनं होती त्यांतूनच तो उभा राहिला. दोन्ही भाषांच्या गावाबाहेरच्या रूपांत हे नाही, म्हणून एमेनोंची अट इथे पूर्ण होते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हेही दिसतं. प्रमाण कन्नडमध्ये 'हे तुमचं घर' एवढ्यावर वाक्य पुरं होतं, 'आहे' लागत नाही. गावच्या कन्नडमध्ये शेवटी 'एति', म्हणजे आहे, येऊ लागलं, मराठी आणि उर्दूसारखं.

मग कुपवारमध्ये भाषा खरंच एकरूप झाल्या होत्या का?

पूर्णपणे नाही. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी या गावचा फेरअभ्यास केला आणि 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'रचना एक, शब्द वेगळे' हे नमुनेदार चित्र जसंच्या तसं स्वीकारता येत नाही, असं त्यातून पुढे आलं. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण पहिला लेख अनेक ठिकाणी जणू सिद्ध नियम असल्यासारखा शिकवला जातो. अगदी त्या गाजलेल्या वाक्यातही 'पाला' हा मराठी शब्द उर्दूत आहे आणि 'जरा' तिन्हींत आहे, म्हणजे शब्दही हलत होतेच.

लोक रचना उचलतात, मग शब्दांच्या बाबतीत एवढे सावध का राहतात?

कारण शब्द ऐकू येतात. कोण कुठल्या घरचा हे शब्दांवरून कळतं. कुपवारमध्ये घरची भाषा ही जात आणि धर्म यांची खूण होती, लग्नं आपापल्या समाजातच होत. परका शब्द घरात वापरला तर तो लगेच लक्षात येतो. वाक्याची ठेवण बदलली तर कुणी हटकत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, वाउपेस नदीच्या भागात, अगदी उलटी लग्नपद्धत आहे आणि तरी परिणाम सारखाच दिसतो. तिथे वेगळी भाषा बोलणाऱ्या गटातच लग्न करावं लागतं, त्यामुळे घरात दोन भाषा असतातच. परके शब्द मिसळणं तिथे वाईट समजलं जातं. अलेक्सांद्रा आइखनवाल्ड यांनी दाखवलं आहे की तारियाना या आरावाक कुळातल्या भाषेनं तुकानो भाषांकडून शब्द फारसे घेतले नाहीत. पण बोलणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः पाहिली, ऐकली, की कुणाकडून कळली, हे क्रियापदातच सांगण्याची मोठी व्यवस्था तिनं उभी केली, आणि तीही बरीचशी स्वतःच्याच प्रत्ययांमधून.

एखादा प्रदेश भाषिक क्षेत्र ठरायला किती वैशिष्ट्यं लागतात?

ठरावीक आकडा नाही. मेक्सिको ते मध्य अमेरिका या क्षेत्रासाठी लाइल कॅम्बेल, टेरेन्स कॉफमन आणि थॉमस स्मिथ-स्टार्क यांनी 1986 मध्ये पाचच वैशिष्ट्यं धरली, पण ती क्षेत्राच्या कडेपर्यंत पोचतात आणि बाहेर थांबतात. त्यातलं एक म्हणजे क्रियापद वाक्याच्या शेवटी नसणं. शेजारच्या भाषांत ते शेवटी असतं आणि या क्षेत्रात नसतं, म्हणूनच ते मोलाचं ठरतं.

मोजताना एक चूक हमखास होते. 'क्रियापद शेवटी', 'शब्दयोगी अव्यय नामानंतर', 'नामाआधी षष्ठी' अशा तीन गोष्टी लिहून तीन गुण दिले जातात. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्येच दाखवलं की क्रियापद शेवटी असलेल्या भाषांत अव्यय बहुतेक वेळा नामानंतरच येतं. म्हणजे ही वैशिष्ट्यं एकमेकांना धरून येतात आणि त्यांचं वजन जवळजवळ एकाच गोष्टीचं असतं. कॉलिन मासिका यांनी 1976 मध्ये दक्षिण आशियाची वैशिष्ट्यं नकाशावर मांडली, तेव्हा शब्दक्रमाशी जोडलेली पुष्कळ वैशिष्ट्यं सिंधूपाशी थांबत नाहीत असं दिसलं. मध्य आशियातून तुर्की, मंगोल भाषांमार्गे ती जपान-कोरियापर्यंत जातात.

क्षेत्राची सीमा कुठे काढायची?

एक रेघ काढता येत नाही. प्रत्येक वैशिष्ट्याची सीमा वेगळी असते. ट, ड, ण हे ध्वनी पश्तोपर्यंत जातात, 'म्हणून'चा साचा त्याच्या खूप आधी संपतो. बऱ्याच रेघा जिथे जवळ जवळ येतात तो गाभा समजावा.

कोणी कोणाकडून घेतलं, हे ठरवता येतं का?

कधी कधी. ट, ड, ण या ध्वनींचं उदाहरण यासाठी उत्तम आहे, कारण दोन्ही बाजूंना खरा पुरावा आहे. हे ध्वनी वेदांच्या संस्कृतात आहेत, पण तिची सर्वांत जवळची बहीण, प्राचीन इराणी भाषा अवेस्तन, हिच्यात नाहीत. मूळ द्रविड भाषेत ते होतेच. म्हणून ते द्रविडांकडून आले, असं सरळ वाटतं.

पण 'नीड', म्हणजे घरटं, या शब्दाकडे जवळून पाहा. त्याचं मूळ रूप 'नि' अधिक 'सद्' (बसणे) यांपासूनचं, काहीसं 'निस्द' असं होतं. पुढच्या 'द'मुळे 'स'चा घोष उच्चार झाला, आधीच्या 'इ'मुळे तो मूर्धन्य झाला, त्यानं शेजारच्या 'द'ला 'ड' केलं, आणि मग तो स्वतः गळून पडला. जाताना मागचा 'इ' दीर्घ झाला. लॅटिनमधला 'नीदुस' याच मुळाचा, पण तिथे 'द' तसाच राहिला. म्हणजे संस्कृतात 'ड' तयार होण्याची वाट भाषेच्या आतच होती. हान्स हेन्रिक हॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी या आतल्या वाटेवर भर दिला आहे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आतून अशी रूपं तयार होऊ लागली, आणि आसपास हे ध्वनी रोज वापरणारे लोक होते म्हणून ती टिकली, वाढली. जुन्या इराणी भाषांत 'स'चा 'श' होण्यापर्यंत गोष्ट गेली, पुढे ट-ड-णांची पूर्ण रांग उभी राहिली नाही. हा फरक फक्त आतल्या वाटेनं समजत नाही, असं आमचं मत आहे.

मग मराठीला मिश्र भाषा म्हणायचं का?

फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मराठीच्या घडणीत फार जुनं भाषामिश्रण असावं असं सुचवलं होतं. ते सर्वमान्य झालं नाही. भाषेचं कूळ ठरतं ते सर्वनामं, अंक, नात्यांचे शब्द, रोजची क्रियापदं आणि प्रत्यय यांच्यात नियमानं दिसणाऱ्या ध्वनिसाम्यावरून. मी, तू, दोन, तीन, देणे, करणे ही सगळी मंडळी इंडो-आर्यच आहेत. संपर्कानं भाषेची वागण्याची रीत बदलते, वंशावळ बदलत नाही.

माझ्या भागातल्या दोन भाषांचं असं साम्य तपासायचं असेल तर सुरुवात कशी करू?

एकच वैशिष्ट्य निवडा, दहा नको. त्याची सगळी कामं आधी एका भाषेत लिहून काढा, जशी वर 'म्हणून'ची लिहिली, आणि प्रत्येक कामाची चार-पाच वाक्यं जमवा. मग दुसऱ्या भाषेत त्याच कामांना काय वापरतात ते पाहा, पण भाषांतर करून मागू नका. 'याला तुमच्या भाषेत काय म्हणाल?' असं विचारलं की माणूस नकळत तुमच्या वाक्याचा क्रम धरून बोलतो, आणि तुम्हीच घातलेलं साम्य तुम्हाला सापडतं. चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावा, किंवा दोघांना आपसात बोलू द्या आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा.

बोलणाऱ्यांत तीन पिढ्या हव्यात, आणि शक्य असेल तर फक्त एकच भाषा येणारं कुणीतरी. दोन भाषा येणाऱ्यांतच ते रूप दिसलं आणि एकभाषकांत नसलं, तर ते अजून व्यक्तींच्या बोलण्यात आहे, भाषेत मुरलेलं नाही. त्यानंतर दोन्ही भाषांची दूरची रूपं तपासा, म्हणजे तीच भाषा दुसऱ्या शेजाऱ्याजवळ बोलली जाते तिथली. तुलनेसाठी फक्त पाठ्यपुस्तकातली प्रमाण भाषा घेऊ नका. प्रमाण कन्नडमध्ये जे नाही ते उत्तर कर्नाटकातल्या सगळ्या बोलीत असू शकतं, आणि मग तुमच्या गावचं म्हणून मांडलेलं वैशिष्ट्य शंभर कोसांवरही तसंच सापडतं.

न जुळणाऱ्या वाक्यांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. 'धाड म्हणून पडला' हे मराठीत का चालत नाही, असले प्रश्न त्या पानावरून निघतात, आणि साचा नेमका कुठपर्यंत आला आणि कुठे अडला हे तिथेच कळतं.